ड्रायरवर कर नव्हताच

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत कपडे वाळवायचं यंत्र, म्हणजे ड्रायर, सरासरी ९२ डॉलरनी महाग झालं. तेव्हाच्या दराने सहा हजार रुपयांच्या वर. त्या वर्षी सरकारने नवा आयात कर लावला होता, पण तो कपडे धुण्याच्या यंत्रावर होता, ड्रायरवर नव्हता. ज्यावर कर लागला ते वॉशिंग मशीन ८६ डॉलरनी वाढलं आणि ज्याला कोणी हातही लावला नव्हता ते ड्रायर त्याहून थोडं जास्तच वाढलं.

आरन फ्लान, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिन्टेलनॉट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ही गोष्ट उलगडून दाखवली. तो अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ड्रायरच्या आकड्यावर नजर खिळून राहिली. परदेशी मालावर कर लावला की तो नक्की कोण भरतं, या प्रश्नाची उत्तरं तावातावाने देणारे पुष्कळ भेटतात. इथे मात्र एकेक डॉलर कुणाच्या खिशातून निघाला आणि कुणाच्या खिशात गेला, ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं.

आधी कर भरला कसा जातो ते पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. परदेशातून कंटेनर बंदरात येतो. माल सोडवून घेणारा आयातदार कस्टमकडे कागद दाखल करतो. त्यावर मालाची किंमत असते आणि एक क्रमांक असतो. जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी वस्तूंची एकच वर्गवारी मान्य केलेली आहे. धुण्याचं यंत्र म्हणजे ८४५०, वाळवण्याचं यंत्र म्हणजे ८४५१. अमेरिकेच्या बंदरात हेच आकडे चालतात आणि आपल्या न्हावा शेवालाही हेच. त्या क्रमांकासमोर जो दर असेल तो जाहीर केलेल्या किमतीवर लावायचा आणि रक्कम सरकारजमा करायची. ही रक्कम कोरियाचं किंवा थायलंडचं सरकार पाठवत नाही. ती आयात करणारी, बहुतेक वेळा त्याच देशात नोंदलेली कंपनी भरते. सॅमसंगची यंत्रं सॅमसंगचीच अमेरिकी शाखा आणत असेल, तर कागदावर कर सॅमसंगने भरला असंच दिसेल.

पण चलन कुणाच्या नावाने फाटलं यावरून ओझं कुणी उचललं हे कळत नाही. त्यासाठी दोन किमती बघाव्या लागतात. एक, कस्टमच्या कागदावरची, कर लागण्यापूर्वीची किंमत. ती उतरली तर समजावं की परदेशी विकणाऱ्याने स्वतःच्या नफ्याला कात्री लावली आणि कर त्याने सोसला. दुसरी, दुकानातली किंमत. ती वाढली तर गिऱ्हाइकाने सोसला. पहिली उतरली नाही आणि दुसरी वाढली नाही, तर मधला आयातदार किंवा दुकानदार भरतोय.

आता वॉशिंग मशीनकडे. ओहायो राज्यात क्लाइड नावाचं छोटं गाव आहे, तिथे व्हर्लपूलचा मोठा कारखाना आहे. सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्या अमेरिकेत आपली यंत्रं फार स्वस्तात विकतात, अशी व्हर्लपूलची जुनी तक्रार. २०११ च्या अखेरीस तिने दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या यंत्रांविरुद्ध दाद मागितली. २०१३ च्या सुरुवातीला त्या दोन देशांतल्या यंत्रांवर जादा शुल्क कायम झालं. कंपन्यांनी काय केलं? उत्पादन चीनमध्ये हलवलं. व्हर्लपूल पुन्हा सरकारच्या दारात गेली. २०१७ च्या जानेवारीत चीनमधल्या यंत्रांवरही शुल्क पक्कं झालं, पण तोवर उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामला पोचत होतं.

या पाठशिवणीच्या काळात दुकानातल्या किमती फारशा हलल्याच नाहीत, हलल्या तर किंचित खाली गेल्या. कर एका देशावर असेल आणि शेजारी तेच यंत्र तितक्याच खर्चात बनत असेल, तर करही फार कुणी भरत नाही आणि देशी कारखान्याला संरक्षणही फारसं मिळत नाही. भरला जातो तो कारखाना हलवण्याचा खर्च.

मग २०१७ च्या मे महिन्यात व्हर्लपूलने वेगळं कलम काढलं. १९७४ च्या व्यापार कायद्यातल्या २०१ व्या कलमाखाली एखादी वस्तू कुठूनही येवो, तिच्या आयातीला सरसकट आळा घालता येतो. पळायला जागाच नाही. २०१८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली आणि ७ फेब्रुवारीपासून कर सुरू झाला. त्याची घडण मजेशीर होती, कारण त्यात कर आणि कोटा एकत्र बांधलेले होते. वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यानंतरच्या प्रत्येक यंत्रावर ५० टक्के. पुढच्या दोन वर्षांत हे दर थोडे थोडे उतरणार होते.

किमती वाढल्या, हे दुकानात दिसतच होतं. पण महागाई, इंधन, मजुरी यांमुळे किमती तशाही वाढत असतात. मग करामुळे किती वाढल्या ते कसं ओळखायचं? त्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी धुण्याच्या यंत्राची किंमत त्याच दुकानांतल्या ज्या इतर घरगुती उपकरणांना कराचा स्पर्श झाला नव्हता त्यांच्या किमतीशेजारी ठेवली. फेब्रुवारीपर्यंत दोन्ही रेषा साधारण बरोबरीने चालत होत्या. त्यानंतर धुण्याच्या यंत्राची रेषा वर निघाली आणि काही महिन्यांत सुमारे १२ टक्के वर जाऊन बसली. ड्रायरची रेषाही तिच्यासोबत वर गेली.

ड्रायर का वाढलं, याचं उत्तर अमेरिकी घरांत आहे. आपल्याकडे ड्रायर ही वस्तू गॅलरीतल्या दोरीपुढे कधीच हरली. तिकडे मात्र दोन्ही यंत्रं जोडीने विकत घेतली जातात. रंग एक, उंची एक, आणि दुकानात मांडलेली किंमतही बहुतेकदा सारखीच. आता कंपनीने विचार केला असेल असा: करामुळे जोडीमागे अंदाजे पावणेदोनशे डॉलर वाढवायचे आहेत. सगळे धुण्याच्या यंत्रावर टाकले तर गिऱ्हाईक दचकेल. अर्धे इकडे, अर्धे तिकडे टाकले तर जोडी जोडीसारखीच दिसते. कराचा कायदा ८४५० वर लिहिलेला होता, पण गिऱ्हाईक ८४५० विकत घेत नव्हतं. ते ८४५० अधिक ८४५१ घेत होतं.

दुसरं आश्चर्य व्हर्लपूलचं. तिची बरीच यंत्रं अमेरिकेतच बनलेली, त्यांवर एक पैसाही कर नाही. तरी तिच्या किमतीही वर गेल्या. यात दुष्टावा शोधायची गरज नाही. शेजारच्या दुकानदारावर सरकारने २० टक्के टाकले आणि त्याने भाव वाढवला, तर आपण जुन्याच भावाला विकत बसायचं कारण काय? संरक्षणाचा अर्थच मुळी हा की देशी उत्पादकाला भाव वाढवायला जागा मिळावी. व्हर्लपूलने ती घेतली, आणि ती ड्रायरही बनवते.

आता हिशेब मांडू. समजा, एका धुण्याच्या यंत्राची कस्टमच्या कागदावरची किंमत ४०० डॉलर आहे. २० टक्क्यांनी सरकारला ८० डॉलर मिळाले. गिऱ्हाइकाने त्या जोडीमागे जादा मोजले ८६ अधिक ९२, म्हणजे १७८ डॉलर. जोडी देशी बनावटीची असेल तर सरकारला शून्य आणि गिऱ्हाइकाचे तरीही १७८ गेले. हे गणित साऱ्या देशावर पसरवलं की अभ्यासातले आकडे समोर येतात: ग्राहकांवर वर्षाला सुमारे १५० कोटी डॉलरचा बोजा आणि सरकारच्या तिजोरीत या करातून ८ कोटी २० लाख डॉलर. म्हणजे लोकांच्या खिशातून गेलेल्या दर १८ डॉलरपैकी सरकारपर्यंत एक पोचला. बाकीच्यातला मोठा भाग यंत्रं विकणाऱ्यांकडे गेला, देशी आणि परदेशी दोन्ही. काही भाग कोणाकडेच गेला नाही. स्वस्त जागी बनणारं यंत्र महाग जागी बनू लागलं, त्या जादा खर्चात तो विरला.

आणि नोकऱ्या? त्या आल्या, हे खरं. सॅमसंगने दक्षिण कॅरोलायनातल्या न्यूबेरी गावात जुना कॅटरपिलर कारखाना घेऊन यंत्रं बनवायला सुरुवात केली, एलजीने टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलला नवा कारखाना उभारला, व्हर्लपूलने क्लाइडला माणसं वाढवली. सगळ्या मिळून साधारण १,८०० नोकऱ्या. तिजोरीत आलेला कर वजा करून उरलेला बोजा या नोकऱ्यांवर वाटला तर एका नोकरीमागे दरवर्षी ८ लाख डॉलरहून जास्त पडतात. न्यूबेरीत ज्याला काम मिळालं त्याच्यासाठी ते काम खरंच आहे आणि त्याला हा भागाकार ऐकवण्यात मला काही शहाणपण वाटत नाही. पण ८ लाखांतला बराचसा पैसा त्याच्या पगारात गेलेला नाही, हे त्यालाही पटेल.

व्हर्लपूलच्या वाट्याला पुढे जे आलं ते एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर अती वाटलं असतं. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने परदेशी पोलादावर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के कर लावला. वॉशिंग मशीन म्हणजे बरंचसं पोलादच. व्हर्लपूल अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बहुतेक पोलाद देशातूनच घेते, त्यावर कर नव्हता. पण देशी पोलादवाल्यांनी नेमकं तेच केलं जे व्हर्लपूलने केलं होतं: परदेशी पोलाद महाग झाल्यावर आपलाही भाव वर नेला. जुलैमध्ये कंपनीने कच्च्या मालाच्या खर्चाचं रडगाणं सांगितलं आणि तिचा शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्के कोसळला.

आता कोट्याचा भाग, जो मला कराहून जास्त चमत्कारिक वाटतो. पहिली १२ लाख यंत्रं २० टक्क्यांत आणि पुढची ५० टक्क्यांत, असा नियम असेल तर शहाणा आयातदार काय करील? वर्षाचा कोटा उघडताच घाईघाईने माल आत घुसवेल आणि गोदामात भरून ठेवेल. ही झुंबड इतकी झाली की २०२० च्या जानेवारीत नियम बदलून १२ लाखांचे चार तुकडे करावे लागले, दर तिमाहीला ३ लाख.

निव्वळ कोटा असला, म्हणजे कर नाही पण ठराविक संख्येपलीकडे माल येऊच द्यायचा नाही, तर गोष्ट अजून वेगळी होते. माल कमी म्हणून भाव चढतो, पण तो फरक सरकारकडे जात नाही. ज्याच्या हातात आत येण्याची परवानगी आहे त्याच्याकडे जातो. १९८१ मध्ये अमेरिकेने जपानवर दबाव आणला आणि जपानने ‘आपखुशीने’ वर्षाला १६ लाख ८० हजारच मोटारी पाठवायचं मान्य केलं. कुठल्या कंपनीने किती पाठवायच्या ते टोकियोतलं खातं ठरवू लागलं. गाड्या मोजून येऊ लागल्यावर जपानी कंपन्यांना अमेरिकेत भाव चढवून विकणं सोपं झालं. संख्येवर मर्यादा, किमतीवर नाही, म्हणून त्या हळूहळू मोठ्या, महागड्या, नफ्याच्या गाड्या पाठवू लागल्या. ज्यांना रोखायचं होतं त्यांच्याच गल्ल्यात अमेरिकी गिऱ्हाइकाचे जादा डॉलर पडले. तेवढाच भाव कर लावून वाढवला असता तर फरक निदान वॉशिंग्टनला मिळाला असता. आपल्याकडच्या लायसन्स-परमिटच्या दिवसांत आयात परवान्याला प्रीमियम का यायचा आणि त्यासाठी दिल्लीत खेटे का घातले जायचे, याचंही मूळ हेच. कागदाचा तो तुकडा म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या भावातला फरक खिशात घालण्याचा हक्क होता.

मग परदेशी विकणारा कधीच भरत नाही का? भरतो. २०१८-१९ च्या अमेरिकी करांचा वेगवेगळ्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा बहुतेक मालाची कस्टमच्या कागदावरची किंमत उतरलेली दिसली नाही. म्हणजे कर अमेरिकी आयातदारांनी आणि ग्राहकांनीच सोसला. कित्येक वस्तूंच्या बाबतीत दुकानदारांनी काही काळ तो स्वतःच्या नफ्यातून भागवला. पण पोलादात परदेशी कंपन्यांनी साधारण वर्षभराने भाव उतरवून बोजा वाटून घेतला. आणि सगळ्यात ठळक उदाहरण उलट दिशेचं आहे. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. शिकागोच्या बाजारात मे महिन्यात १० डॉलरच्या वर असलेला बुशेलचा भाव जुलैत साडेआठच्याही खाली आला. इथे विकणाऱ्यानेच भरलं. चीनपाशी ब्राझीलचा पर्याय होता, आयोवातल्या शेतकऱ्यापाशी नव्हता. शेतात उभं असलेलं पीक थायलंडला हलवता येत नाही. अमेरिकी सरकारला शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली. ज्याला जागचं हलता येत नाही, त्याच्याकडे कर सरकत जातो.

सोयाबीनचं नाव निघालं की आपल्याला लातूर आठवणारच. १४ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, केंद्र सरकारने कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सगळे उपकर धरून दर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला. कारण उघड होतं: सोयाबीनचे भाव हमीभावाखाली होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. परदेशी तेल महाग झालं की देशी तेल महाग होईल, मग गिरण्या सोयाबीनला जास्त भाव देतील, असा हिशेब.

पहिला अर्धा हिशेब बरोबर आला. किराणा दुकानातलं तेल लगेच महागलं आणि दिवाळीचा फराळ त्याच तेलात तळला गेला. दुसरा अर्धा मात्र अडला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि निवडणुका उरकल्या तरी बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच विकलं जात होतं.

कारण ड्रायरच्या गोष्टीत होतं तेच, फक्त उलटं. सोयाबीनही जोडीने विकलं जातं. एक क्विंटल सोयाबीन गिरणीत घातलं तर तेल निघतं जेमतेम १८ किलो. बाकी सुमारे ८० किलो पेंड, जी कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते आणि परदेशीही जाते. गिरणीवाला शेतकऱ्याला भाव देतो तो या दोन्हींची बेरीज करून, आपला खर्च आणि नफा वजा करून. शुल्क फक्त १८ किलोवर काम करतं. समजा, शुल्कामुळे तेल किलोमागे २० रुपयांनी चढलं, तर क्विंटलमागे ३६० रुपये आले. त्याच वेळी पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली, तर ४०० गेले. त्या हंगामात पेंडीचं नेमकं वाईट चाललं होतं. दक्षिण अमेरिकेत पीक भरपूर, त्यामुळे जगात भाव पडलेले, आणि इथे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा पोल्ट्रीवाले पेंडीऐवजी वापरू लागले होते.

३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा कमी केलं, साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्क्यांवर, खाद्यतेलाची महागाई आटोक्यात यावी म्हणून. शुद्ध केलेल्या तेलावरचं पावणेछत्तीस टक्के मात्र तसंच ठेवलं. त्यामुळे बाहेरून तयार तेल आणण्यापेक्षा कच्चं आणून इथे शुद्ध करणं आता बरंच फायद्याचं झालं. हे शुल्क कमी झाल्याचं सगळ्यात उघड स्वागत केलं ते तेल शुद्ध करणाऱ्या कारखानदारांनी.